साक्षीतला ‘पण’

माझी मावसबहीण धाराशिवला एलएलबी करते. दुसरं वर्ष. मागच्या महिन्यात तिने रात्री साडेअकराला मेसेज टाकला : ‘दादा, कोर्टावरचं काहीतरी सुचव. बघायला मजा पण आली पाहिजे आणि खरं पण असलं पाहिजे. सर म्हणतात पिक्चरमधलं सगळं खोटं असतं.’

मी पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत आहे. कायद्याचा आणि माझा संबंध ऑफर लेटरवर न वाचता सही करण्यापुरता. पण सिनेमे मी भरपूर पाहतो आणि घरात माझी ओळख ‘कायतरी चांगलं सांगणारा’ अशी आहे. तेव्हा मी उत्साहात यादी करायला घेतली आणि दुसऱ्याच नावावर अडकलो. कारण ‘खरं’ म्हणजे नेमकं काय, हा प्रश्न आला. ‘दामिनी’मध्ये वकील ओरडतो, टेबलावर हात आपटतो, तसं कोर्टात चालत नाही, हे कुणीही सांगेल. पण त्यातला तारखांबद्दलचा संताप तर अगदी खरा आहे. ‘जॉली एलएलबी’तलं कळकट कोर्ट खरं, शेवटचं भाषण मात्र सिनेमाचं. ‘एक रुका हुआ फैसला’ मला प्रचंड आवडतो, पण त्यातली ज्युरी आपल्याकडे कधीच गेली. म्हणजे प्रत्येकात काहीतरी खरं आणि काहीतरी खोटं. मग खटल्यातली अशी कोणती गोष्ट आहे जी दाखवली तर म्हणता येईल की हां, याला कोर्ट कळलंय?

माझ्यापुरतं याचं उत्तर आमच्या वडिलांकडे होतं, म्हणून आधी ते सांगतो.

वडील एकदा साक्षीदार होते. उसाचा सीझन होता. रात्री रस्त्याच्या कडेला ट्रॅक्टरची ट्रॉली उभी होती, उसाने भरलेली, मागे ना लाईट ना रिफ्लेक्टर. एक मोटारसायकलवाला येऊन त्यावर आदळला आणि जागीच गेला. वडील समोरच्या धाब्यावर चहा पीत होते. आवाज ऐकून धावले, त्याला उचललं, ट्रॉलीच्या मागे काही नव्हतं हे त्यांनी तेव्हाच पाहिलं. पोलिसांनी जबाब घेतला. मग काही वर्षं काहीच नाही. आणि एके दिवशी समन्स आलं.

मी तेव्हा इंजिनिअरिंगला होतो, सुट्टीला घरी आलेलो, म्हणून त्यांच्यासोबत गेलो. कोर्ट कोणतं ते महत्त्वाचं नाही, तालुक्याचं एक. सकाळी अकरापासून बसलो. पट्टेवाल्याने नाव पुकारलं तेव्हा साडेतीन वाजले होते. वडिलांनी शपथ घेतली. सरकारी वकिलांनी सरतपास घेतला, वडिलांनी पाहिलं ते सांगितलं. मग ट्रॅक्टरवाल्याचे वकील उठले. वयस्क गृहस्थ, आवाज अगदी मऊ. त्यांनी विचारलं, ‘अपघात झाला तेव्हा अंधार होता, बरोबर?’

वडील म्हणाले, ‘होता की अंधार. पण समोर धाब्याचा उजेड पडला व्हता ना सायेब, म्हणून तर दिसलं मला.’

न्यायाधीशांनी टायपिस्टकडे मान वळवून सांगितलं : ‘हे खरे आहे की, घटनेच्या वेळी अंधार होता.’

पुढचा प्रश्न. ‘ट्रॉलीला रिफ्लेक्टर नव्हता, हे तुम्ही पोलिसांना सांगितलं होतं?’ वडील म्हणाले, सांगितलं होतं. ‘मग तुमच्या जबाबात ते लिहिलेलं नाही, ते कसं?’ वडील थोडे चिडले. म्हणाले, ‘ते लिहिणाऱ्या सायबाला इचारा की.’ कोर्टात दोघं-तिघं हसले. टाईप झालं ते असं : ‘सदर बाब पोलिसांनी माझ्या जबाबात का लिहिली नाही याचे कारण मी सांगू शकत नाही.’

आणि शेवटी, ‘तुम्ही खोटी साक्ष देताय.’ ‘नाय.’ टाईप झालं : ‘मी खोटी साक्ष देत आहे असे म्हणणे खरे नाही.’

वीस मिनिटांत सगळं आटोपलं. कागद समोर आला, चष्मा घरी राहिला होता, वडिलांनी सही केली. बसमध्ये मी त्यांना कागदावर काय होतं ते सांगितलं, कारण मी टायपिस्टच्या मागेच उभा होतो. बराच वेळ ते गप्प होते. मग म्हणाले, ‘मी “पण” म्हणलो व्हतो.’

ट्रॅक्टरवाला पुढे निर्दोष सुटला. त्या एका वाक्यामुळे सुटला असं मी म्हणणार नाही. वडिलांना त्याचं फारसं काही वाटलंही नाही. तोही हातावर पोट असलेलाच माणूस होता. त्यांना लागलं ते वेगळंच. आयुष्यात एकदाच त्यांना सरकारसमोर उभं राहून खरं बोलायचं होतं, ते बोलले, आणि कागदावर दुसराच कुणीतरी बोलला.

हे मी बहिणीला फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली की यात बेकायदा काहीच नाही. आपल्याकडे साक्षीदाराचं बोलणं शब्दशः उतरवून घेत नाहीत. सेशन्स कोर्टात साक्ष साधारणपणे निवेदनाच्या स्वरूपात लिहायची, असं कायदाच सांगतो; वाटलं तर न्यायाधीश प्रश्नोत्तरांच्या रूपात घेऊ शकतात. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हे होतं आणि १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही आहे. आणि वडिलांच्या खटल्यासारख्या दोन वर्षांपर्यंत शिक्षेच्या, समन्सच्या खटल्यात तर फक्त साक्षीचा गोषवारा पुरतो. म्हणजे वकिलाने प्रश्न विचारायचा, साक्षीदाराने ‘हो’ म्हणायचं, आणि कागदावर वकिलाचं अख्खं वाक्य साक्षीदाराच्या तोंडी प्रथमपुरुषात जाऊन बसायचं. उलटतपासात सूचक प्रश्न विचारायला परवानगी असते. त्यामुळे उलटतपासाची पानं वाचताना वाटतं की साक्षीदार स्वतःच एकेक गोष्ट कबूल करत चाललाय. प्रत्यक्षात तो फक्त मान हलवत असतो.

आणखी एक गोष्ट तिने सांगितली, जी मला माहीतच नव्हती. पोलीस तपासात जो जबाब घेतात, त्यावर साक्षीदाराची सही घ्यायचीच नसते. कायद्यात तसं लिहिलंय. उद्देश चांगला आहे, पोलिसांनी धाकाने काही लिहून घेतलं तर माणूस त्याला बांधला जाऊ नये. पण त्याच बिनसहीच्या कागदात काय ‘नाही’ यावरून वर्षांनंतर त्याला खोटं पाडता येतं. वकिलांच्या भाषेत याला ‘ओमिशन’ म्हणतात. ‘कारण मी सांगू शकत नाही’ हे वाक्य त्यासाठीच असतं आणि महाराष्ट्रातल्या कुठल्याही कोर्टातली साक्ष उघडली तर ते सापडतंच, असं ती म्हणाली.

तर माझी कसोटी ठरली. कोर्टाचा सिनेमा पाहताना मी वकिलाकडे बघत नाही, टायपिस्ट कुठे बसलाय ते बघतो. बहुतेक सिनेमांत तो नसतोच. असला तरी मागे कुठेतरी, शोभेपुरता. म्हणजे त्या सिनेमात जे बोललं जातं ते आपोआप कोर्टाला कळतं, खोलीतल्या प्रत्येकाने ऐकलं की झालं. प्रत्यक्षात खोलीत काय बोललं गेलं याला अपिलात काही किंमत नाही. वरचं कोर्ट कागद वाचतं. साक्षीदाराचा चेहरा, आवाज, थांबणं यातलं काही नोंदवावंसं वाटलं तर न्यायाधीश तसा शेरा लिहू शकतात. नाही लिहिला, तर तेही गेलं.

आमच्या धंद्यात हे रोजचं आहे. प्रॉडक्शनमध्ये काही फुटलं की आम्ही लॉग उघडतो. लॉगमध्ये ओळ नसेल तर तो प्रकार घडला हे सिद्ध करायला आमच्याकडे काही नसतं, युजर कितीही शपथेवर सांगो. आणि लॉगमध्ये काय लिहायचं हे आधीच कुणीतरी प्रोग्रॅमरने ठरवून ठेवलेलं असतं, युजरने नाही. फरक इतकाच की आमच्याकडे फार तर कुणाचं रिफंड अडकतं.

या कसोटीला पुरेपूर उतरलेला सिनेमा मला एकच सापडला, आणि तो आपल्याच भाषेतला आहे. चैतन्य ताम्हाणेचा ‘कोर्ट’. २०१४ साली व्हेनिसच्या महोत्सवात तो पहिल्यांदा दाखवला गेला तेव्हा ताम्हाणे सत्तावीस वर्षांचा होता (या माहितीने मला दरवेळी थोडं वाईट वाटतं). तिथे त्याला दोन पुरस्कार मिळाले आणि पुढे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही.

गोष्ट थोडक्यात अशी. नारायण कांबळे हा म्हातारा लोकशाहीर. वीरा साथीदारांनी ही भूमिका केलीय. नागपूरचे कार्यकर्ते, २०२१मध्ये कोविडमध्ये गेले. कांबळेला कार्यक्रम चालू असताना स्टेजवरूनच पोलीस घेऊन जातात. आरोप काय, तर त्याच्या गाण्याने चिथावणी मिळून वासुदेव पवार नावाच्या गटार साफ करणाऱ्या कामगाराने मॅनहोलमध्ये उतरून आत्महत्या केली. आत्महत्येस प्रवृत्त करणं, तेव्हाचं कलम ३०६, दहा वर्षांपर्यंत शिक्षा. म्हणून खटला सेशन्सपुढे.

ऐकताना हे हास्यास्पद वाटतं, आणि दुसरा कुणी दिग्दर्शक असता तर बचावाच्या वकिलाने एका भाषणात हा आरोप उडवला असता. इथे कुणी भाषण करत नाही. कॅमेरा मागे एका जागी ठेवलेला असतो, जणू आपण बाकावर बसलोय आणि आपली केस अजून निघायची आहे. सरकारी वकील नूतन (गीतांजली कुलकर्णी) कायद्यातले लांबच लांब उतारे एका सुरात वाचून दाखवते. साक्षीदार बोलतो, न्यायाधीश सदावर्ते ऐकतात आणि टायपिस्टकडे वळून त्याचं कोर्टाच्या भाषेत रूपांतर सांगतात. मराठीतलं बोलणं इंग्रजी वाक्य होऊन कागदावर उतरतं. पहिल्यांदा पाहिला तेव्हा इथे मी सिनेमा पॉज केला होता.

बहिणीला मी सांगितलं की सगळा सिनेमा नाही बघितलास तरी चालेल, मृताच्या बायकोची साक्ष बघ. शर्मिला पवार पिंजऱ्यात उभी आहे. चेहरा शांत, जवळजवळ कोरा. बचावाचे वकील व्होरा तिला विचारत जातात. नवरा कधी जीव द्यायची भाषा बोलला होता का? नाही. आत उतरताना त्याला काही साधनं मिळायची का? नाही. दारू प्यायचा? प्यायचा, आतला वास सहन व्हावा म्हणून. विषारी वायूने त्याचा एक डोळा गेला होता. आत हवा आहे का हे तो कसं ओळखायचा? दगड टाकायचा, झुरळ बाहेर आलं की समजायचं, आत जीव जगतोय.

आता हे वकिलाच्या नजरेने पाहा. कलम ३०६ लागायला आधी आत्महत्या सिद्ध व्हावी लागते. ती आत्महत्या नव्हतीच, तर प्रवृत्त करण्याचा प्रश्नच उरत नाही. व्होरा नेमकं तेच करतायत : दारू, साधनं नसणं, गेलेला डोळा, प्रत्येक उत्तर ‘हा अपघात आहे’ या दिशेने एक पाऊल. कायद्याचं काम अतिशय चोख होतं. आणि त्याच वेळी आपण बसल्या जागी पाहत असतो की एका माणसाचं अख्खं जगणं त्या खोलीत आलं, आणि त्यातला उपयोगाचा तेवढा तुकडा उचलला गेला. त्याला साधनं न देणारे कोण, हा प्रश्न त्या खटल्यात कुणालाच विचारायचा नाही. आरोपी कांबळे आहे. खटला जेवढा प्रश्न विचारतो तेवढंच उत्तर लिहून घेतो.

नंतर व्होरा शर्मिलाला आपल्या गाडीतून सोडायला जातात, तिला पैसे देऊ करतात. ती घेत नाही. काही काम असेल तर सांगा म्हणते. मला सगळ्या सिनेमात हा क्षण सर्वांत जास्त लागला. हे बोलणं घ्यायला कोर्टात जागाच नव्हती.

बहिणीने सिनेमा पाहिला आणि पहिली प्रतिक्रिया दिली : ‘स्लो आहे रे.’ आहेच. पण ती त्यावर थांबली नाही. तिचं म्हणणं होतं की मी कागदाला उगीच व्हिलन करतोय. ‘खोलीत बोललेलं सगळं धरायचं ठरवलं तर कांबळेचंच काय होईल, विचार कर,’ ती म्हणाली. ‘कुणीतरी ऐकलं होतं, कुणीतरी म्हणत होतं, वस्तीत सगळ्यांना माहीत आहे, हे सगळं आत येईल. ऐकीव पुरावा बाहेर ठेवतात तो आरोपीसाठीच. गाळणी काढून टाकली तर आधी गरीबच अडकतात.’ त्या सिनेमातही पोलिसांचा ठरलेला साक्षीदार आहेच, इतर खटल्यांतही येऊन गेलेला. त्याला उघडं पाडता येतं ते कागदामुळेच, कारण आधीच्या खटल्यांतल्या त्याच्या साक्षी कुठेतरी लिहून ठेवलेल्या आहेत. हे मला सुचलं नव्हतं.

मग मी तिला ‘अॅनाटॉमी ऑफ अ मर्डर’ पाहायला लावला. १९५९चा, कृष्णधवल, अडीच तासांच्या वर, पण भन्नाट रंजक. मूळ कादंबरी मिशिगनच्या सुप्रीम कोर्टाच्या न्यायमूर्तीने टोपणनावाने लिहिलेली, आणि सिनेमातला न्यायाधीश एका खऱ्या वकिलाने, जोसेफ वेल्चने, उभा केलाय. तिथे पद्धत आपल्या उलट आहे. स्टेनोग्राफर प्रत्येक शब्द टिपतो. आणि तरी एका जागी न्यायाधीश ज्युरीला सांगतात की वकिलाचं आत्ताचं बोलणं विचारात घेऊ नका. आरोपी आपल्या वकिलाला हळूच विचारतो, एकदा ऐकलेलं हे लोक न ऐकल्यासारखं कसं करणार? वकील सांगतो, नाही करू शकत. त्याला ते माहीत होतं, म्हणूनच तो बोलला होता.

म्हणजे तिथे कागदावरून पुसलेलं माणसांच्या डोक्यात राहतं आणि निकाल फिरवू शकतं. इथे माणसांनी ऐकलेलं कागदावर नाही म्हणून निकालात येत नाही. आरोपीच्या जागी मी असतो तर मला कोणती पद्धत हवी असती? बराच विचार करून मला वाटलं, मी निर्दोष असेन तर आपली आणि दोषी असेन तर त्यांची. बहीण म्हणाली, ‘उलटं.’ आम्ही अजून भांडतोय.

आणि तिसरं नाव म्हणजे तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’. १९६७चं. त्यावर १९७१ला सत्यदेव दुबेंनी सिनेमाही केला, सुलभा देशपांडेंचा. वर वर पाहता यात खऱ्या कोर्टासारखं काहीच नाही : हौशी नाटकमंडळी वेळ घालवायला खोटा खटला चालवतात आणि सोबतच्या बेणारे बाईंना आरोपी करतात. कायद्याच्या विद्यार्थ्याने प्रक्रिया शिकायला हे बघू नये. पण ज्या गोष्टीबद्दल मी एवढं बोलतोय ती इथे उघडीनागडी आहे. शेवटी आरोपीला बोलायला अगदी थोडी मुदत देतात. बेणारे बाई मनातलं सगळं बोलतात, प्रेक्षकांना ते लख्ख ऐकू येतं, आणि रंगमंचावरची बाकीची माणसं थिजलेली असतात. त्यांच्या लेखी ती बोललेलीच नाही. मुदत संपते, कोर्ट पुढे चालू. खऱ्या खटल्यातही पुरावा झाल्यावर न्यायाधीश आरोपीला पुराव्यातल्या गोष्टींचा खुलासा विचारतात, आणि तेव्हा त्याला शपथ देत नाहीत. त्या उत्तरांच्या जागी ‘खोटे आहे’, ‘माहीत नाही’ असे ठरलेले शब्द पानंच्या पानं असतात, हे बहिणीने मला तिच्या इंटर्नशिपमध्ये पाहून सांगितलं.

मागच्या रविवारी ती आमच्या घरी आली होती, मीही गावी गेलो होतो. मी वडिलांच्या साक्षीचा विषय काढला. तिने त्यांना नीट, क्रमाने विचारलं. ‘काका, तुम्ही “पण उजेड होता” म्हणालात तेव्हा सरकारी वकील काही बोलले का?’ नाही. ‘फेरतपास घेतला?’ म्हणजे काय, वडील म्हणाले. तिने सांगितलं : उलटतपासानंतर सरकारी वकिलांना पुन्हा उठता येतं, उलटतपासात निघालेल्या गोष्टीचा खुलासा करून घ्यायला. एकच प्रश्न पुरला असता, अंधारात तुम्हाला कसं दिसलं? आणि त्याच्याही आधी, साक्षीदार प्रश्नाच्या पलीकडचं काही बोलला तर ते लिहायची ठरलेली रीत आहे. ‘साक्षीदार स्वतःहून सांगतो की, समोरील धाब्याचा उजेड होता.’ हे वाक्य वकील लिहायला लावू शकतो, साक्षीदारसुद्धा न्यायाधीशांना विनंती करू शकतो, ‘साहेब, माझं पूर्ण बोलणं घ्या.’ सहीआधी साक्ष वाचून दाखवतात तेव्हा चूक सांगायचीही सोय असते. आता तर ऑडिओ-व्हिडिओ रेकॉर्डिंगचीही तरतूद कायद्यात आहे, म्हणाली. तालुक्याला ती कधी दिसेल ते दिसेल.

वडील ऐकत होते. मग त्यांनी तिला ते वाक्य पुन्हा म्हणायला लावलं, ‘स्वतःहून सांगतो की’ पासून. तिने म्हटलं.

‘एवढंच व्हतं व्हय,’ ते म्हणाले, आणि चष्मा शोधायला आत गेले. आम्ही टीव्हीला लॅपटॉप जोडून ‘कोर्ट’ लावला होता.